पेढ्याचें आयुष्य

दूध हा पदार्थ मोठा अल्पायुषी. उन्हाळ्याच्या दिवसांत पहांटे काढलेलें दूध न तापवतां ठेवलें, तर दुपारपर्यंत त्याला आंबूस वास येऊं लागतो. आणि तरीहि त्याच दुधाचा पेढा मथुरेच्या यात्रेकरूनें पंचांत बांधून पंधरा दिवसांच्या पायवाटेनें घरीं आणावा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रसाद म्हणून वाटावा, ही रीत आगगाडी येण्यापूर्वींची आहे. दूध आणि पेढा यांच्या आयुष्यांतला हा फरक हलवायानें कोणत्या युक्तीनें साधला, ती युक्ति कोठवर पुरते, आणि कोठें ती अगदींच लंगडी पडते, याचा इतिहास स्वैपाकघराशीं जितका निगडित आहे तितकाच प्रयोगशाळेशींहि आहे.

महाराष्ट्राला जवळचें उदाहरण धारवाडचें. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यांत व नंतर मुंबई राज्यांत होतें, आणि कोल्हापूर-बेळगांवाकडील मराठी घरांत तिकडचा पेढा पिढ्यान् पिढ्या येत असे. परंपरा असें सांगते कीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सांथीमुळें उत्तरेकडील उन्नाव सोडून एक ठाकूर घराणें धारवाडास आलें आणि त्यानें आपल्या गांवची पेढ्याची कृति येथें आणली. उत्तरेचा पेढा आणि धारवाडी पेढा समोरासमोर ठेवले, तर मात्र हे एकाच कुळांतले आहेत यावर सहसा विश्वास बसणार नाहीं. मथुरेचा पेढाहि परतलेलाच. परंतु धारवाडी पेढा त्याहून गडद, खरखरीत, आणि वरून बारीक साखरेत घोळलेला. साताऱ्याचा कंदी पेढा याच जातीचा. पुण्या-मुंबईच्या दुकानांतला पांढरा, मऊ, केशराची काडी लावलेला पेढा यांच्या तुलनेनें नाजूक. दोन-तीन दिवसांत त्याची रया जाते. धारवाडी पेढा मात्र आठवडा-पंधरवडा सहज काढतो. दोहोंत दूध तेंच आणि साखर तीच. फरक आहे तो आंत उरलेल्या पाण्याचा.

हें पाणी जातें कसें, तें मोजून पाहण्यासारखें आहे. दहा किलो म्हशीचें दूध घेतलें तर त्यांत सुमारें आठ किलो तीनशें ग्राम पाणीच असतें. स्निग्धांश, प्रथिनें, दुधांतली साखर आणि क्षार हे सारे मिळून एक किलो सातशें ग्रामच्या आसपास. हलवाई तें पसरट लोखंडी कढईंत मोठ्या आंचेवर ठेवतो आणि उलथण्यानें सारखें ढवळीत राहतो. प्रथम फेंस येतो, मग दूध दाट होतें, मग त्यांत कण दिसूं लागतात. शेवटीं गोळा कढईच्या कडा सोडतो आणि कडेला तुपाची झांक दिसते. ही खूण दिसली कीं आंच कमी करावयाची. अशा वेळीं कढईंत सुमारें सव्वादोन किलो खवा असतो आणि त्यांतलें पाणी सारें अर्ध्या किलोहून थोडें अधिक, म्हणजे एकंदर वजनाचा चौथा हिस्सा. आठ किलोंहून अधिक पाण्यापैकीं पावणेआठ किलो वाफ होऊन गेलें.

इतकें पाणी गेल्यावर खवा टिकावा असें वाटतें. पण तो टिकत नाहीं. कढत दुधांत जंतु मरतात खरे, परंतु खवा परातींत काढल्याबरोबर हवेंतून, परातींतून, फडक्यांतून आणि हातांतून नवे येतात. उरलेलें चौथा हिस्सा पाणी त्यांना भरपूर पुरतें, कारण त्या पाण्यांत विरघळलेलें असें फारसें कांहीं नसतें. दुधांतली साखर उसाच्या साखरेसारखी सहज विरघळणारी नव्हे. म्हणून साधा खवा उन्हाळ्यांत दोन-तीन दिवसांत आंबतो किंवा त्यावर हिरवी-करडी बुरशी धरते. खव्याच्या गाड्या रातोरात शहरांत येत, आणि पहाटेच्या बाजारांत बोटानें चिमटी घेऊन, वास घेऊन, जिभेवर ठेवून त्याची परीक्षा होई, ती याचसाठीं.

पेढा करतांना यांत साखर येते. शंभर भाग खव्याला तीस भाग साखर, हें चालू प्रमाण धरलें, तर वरच्या सव्वादोन किलो खव्याला पावणेसातशें ग्राम साखर लागेल. ती नुसती मिसळली, तर अर्ध्या किलोवर असलेल्या पाण्याशीं तिचें प्रमाण सव्वापट पडतें. म्हणजे खव्याच्या कणांमधून जो पाक भरून राहिला, तो पातळ पाक. पांढरा पेढा साधारण याच अवस्थेंत वळला जातो. म्हणून तो मऊ, आणि म्हणूनच थोड्या दिवसांचा. धारवाडी रीतीनें हाच गोळा मंद आंचेवर परतत राहिलें कीं रंग बदलूं लागतो, खमंग वास सुटतो आणि पाणी आणखी जातें. समजा, अखेरीस तें सव्वातीनशें ग्रामवर आलें. आतां साखर पाण्याच्या दुपटीहून किंचित् अधिक झाली. पाणी साखरेला याहून फारसें सामावून घेऊंच शकत नाहीं. पाक पुरता तृप्त झाला. पेढ्यांत पाणी आहे, सुमारें आठव्या हिश्शाइतकें आहे, पण तें साखरेनें असें धरून ठेवलें आहे कीं जंतूला त्याचा उपयोग नाहीं.

या गोष्टीला शास्त्रीय भाषा मिळाली ती फार उशिरां. पदार्थांत पाणी किती आहे हें महत्त्वाचें नसून त्यांतलें मोकळें पाणी किती आहे हें महत्त्वाचें, हा विचार ऑस्ट्रेलियांतील संशोधक विल्यम जेम्स स्कॉट यांनीं १९५३ सालीं जंतूंवरच्या प्रयोगांनीं नीट मांडला. शुद्ध पाण्याला एक धरावें आणि मोकळेपणा जसा कमी होईल तसा हा अंक उतरत जावा, असें हें माप. स्कॉट यांनीं ज्या जंतूवर प्रयोग केले, तो नेमका मिठाईच्या दुकानाचा जुना वैरी होता: गळवांतल्या पुवांत सांपडणारा, द्राक्षाच्या घोसासारखा दिसणारा स्टॅफिलोकॉकस. हा जंतु मोठा चिवट. बहुतेक जंतु मोकळें पाणी ०.९१ च्या खालीं गेलें कीं हात टेकतात. हा मात्र ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो, असें आढळलें. आतां तृप्त साखरपाकाचा अंक पाहिला तर तो ०.८५ च्या आसपास भरतो, आणि पेढ्यांत दुधाची स्वतःची साखर व क्षार असल्यामुळें तो आणखी थोडा उतरतो. म्हणजे धारवाडच्या कढईंत रंग आणि वास यांच्या खुणेवर जो हात थांबत असे, तो या चिवट जंतूच्याहि सीमेच्या अगदीं पलीकडे जाऊन थांबत असे. हलवायाला अंक ठाऊक नव्हता. खुण ठाऊक होती. पांढऱ्या पेढ्याचा पातळ पाक मात्र या सीमेच्या अलीकडेच राहतो.

साखर घालून दूध टिकवण्याचा हाच मार्ग पश्चिमेकडेहि चोखाळला गेला. अमेरिकेंत गेल बोर्डेन यानें १८५६ सालीं निर्वात भांड्यांत दूध आटवण्याचें पेटंट मिळविलें, आणि पुढें साखर घातलेलें आटीव दूध डब्यांतून जगभर गेलें. डबा फोडल्यावरहि तें कांहीं दिवस चांगलें राहतें, त्याचें श्रेय डब्याला नसून साखरेला आहे.

पेढ्याचा हा कोट जीवजंतूंना बंद असला तरी बुरशीला पुरता बंद नाहीं. बुरशीच्या कांहीं जाती याहूनहि कोरड्या पदार्थावर वाढतात, फक्त सावकाश. आणि येथें दुकानाची हवा आड येते. ०.८५ चा पाक आणि शेंकडा ८५ दमटपणाची हवा यांचें वजन बरोबर तुलतें. याहून हवा कोरडी असेल तर पेढा सुकत जातो, आणि दमट असेल तर पेढा हवेंतून पाणी ओढतो. मुंबईच्या आणि कोंकणच्या आषाढ-श्रावणांत हवा या रेषेच्या वर वारंवार जाते. मग वर घोळलेली साखर चिकट होते, पेढे एकमेकांना धरतात, आणि जेथें ते एकमेकांस किंवा कागदाला टेकतात तेथें पहिली बुरशी दिसते. एप्रिलमध्यें पंधरा दिवस टिकणारा पेढा जुलैमध्यें आठवडाभरांत खराब होतो, तो कारागिराच्या हयगयीमुळेंच होतो असें नव्हे.

त्यामुळें जुन्या जाणत्या दुकानांत कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळल्या जात. त्यांतली पहिली म्हणजे गरम पेढा झांकावयाचा नाहीं. वरून फार व्यवहारी दिसणारी चूक हीच: माशी बसूं नये म्हणून ऊन परातीवर ताट ठेवलें कीं वाफ ताटाला लागून थेंब होते आणि तो थेंब खालच्या पेढ्यावर पडतो. त्या एका थेंबापुरता पाक पातळ झाला. सगळी परात चांगली असून पांच-सहा पेढ्यांवर तेवढे गोल डाग कां पडतात, याचें उत्तर बहुधा तें ताट असतें. म्हणून गोळा परातींत पातळ पसरावा, वर विरळ जाळीचें कापड धरावें, आणि हाताला पुरता थंड लागल्यावरच वळावयास घ्यावा. दुसरी गोष्ट भांड्यांची. तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यांत दुधांतलें तूप लवकर खवट होतें, कारण तांब्याचा अंश त्या क्रियेला हात देतो. कल्हईचा खरा उपयोग या ठिकाणीं होता. उजेडहि तेंच करतो. उन्हाकडे तोंड करून ठेवलेल्या कांचेच्या कपाटांतला पेढा बुरशी न येतांहि आठ दिवसांत जुनाट लागूं लागतो, आणि गिऱ्हाईक दुधाला दोष देऊन निघून जातें.

येथें एक घोटाळा नेहमीं होतो. जुन्या पेढ्यावर पांढुरकी छटा दिसली कीं ती बुरशीच असें समजून तो टाकला जातो. किंवा उलट, बुरशीला साखर समजून तो विकला जातो. दोन्ही ओळखणें कठीण नाहीं. सुकलेल्या पेढ्यावर साखरेचे किंवा दुधसाखरेचे स्फटिक वर येतात. ते बोटाखालीं रव्यासारखे लागतात आणि वासांत बदल नसतो. बुरशी तंतुमय असते, बोटाला मऊ लागते, पुसली तरी खालीं ओलसर डाग राहतो, आणि फोडल्यावर आंत तळघराचा वास येतो. डाग खरवडून उरलेला पेढा वापरणें मात्र चुकीचें. तंतु डोळ्याला दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

आतां हलवायाची युक्ति जेथें लंगडी पडते, तेथें वळलें पाहिजे. आंबलेला खवा नाकाला कळतो, खवट पेढा जिभेला कळतो, बुरशी डोळ्याला दिसते. परंतु मिठाईनें माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळां यांपैकीं कशानेंच नव्हे. फिलिपाइन्समध्यें एम्. ए. बार्बर नांवाच्या संशोधकानें १९१४ सालीं प्रसिद्ध केलेली हकीकत या बाबतींत फार बोलकी आहे. एका गोठ्यांतलें दूध पिऊन वारंवार पोट बिघडत असे. त्यानें तें दूध ताजें असतां स्वतः पिऊन पाहिलें. कांहीं झालें नाहीं. तेंच कांहीं तास उघड्या हवेच्या उष्म्यांत ठेवून प्यायला, तेव्हां वांत्या-जुलाब सुरू झाले. दोष गाईच्या कासेंतल्या स्टॅफिलोकॉकसचा होता. पण जंतु पोटांत गेल्यानें नव्हे, तर मधल्या तासांत त्यानें दुधांत सोडलेल्या विषानें माणूस आजारी पडत होता. १९३० सालीं शिकागो येथें डॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं हें आणखी स्पष्ट केलें. त्यांच्यापुढें आलेला पदार्थ मलई भरलेला केक होता, म्हणजे मिठाईच्याच दुकानांतला. त्यांतला जंतु त्यांनीं रश्शांत वाढवला, गाळून जंतु काढून टाकले, आणि उरलेल्या निर्जंतुक द्रवानेंहि माणसें आजारी पडलीं.

या विषाचा विशेष असा कीं तें उकळीनें नाहींसें होत नाहीं. जंतु मरतो, विष राहतें. चवींत, रंगांत, वासांत तिळमात्र फरक पडत नाहीं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मळमळ आणि वांत्या सुरू होतात. मिठाईच्या दुकानांत याचा मार्ग सरळ आहे. बोटाला नखुरडें झालेला किंवा हातावर पिकलेली पुळी असलेला कारागीर कोमट खवा मळतो. खवा दुपारभर परातींत पडून राहतो. संध्याकाळीं त्यांत साखर मिसळून पेढे होतात. साखर पडेपर्यंतच्या त्या पांच-सहा तासांत जें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. पुढें साखरेनें कोट बांधला तरी शत्रु आधींच आंत आहे.

म्हणून हलवाईपेशांतली एक फार जुनी काटकसर धोक्याची ठरते. कालचा उरलेला, कडेनें सुकलेला, थोडासा उतरलेला माल आजच्या कढईंत टाकून परतावा, म्हणजे तो नवा होतो, अशी समजूत आहे. आणि करड्या पेढ्याच्या खमंग रंगांत जुना खवा लपतो, हें सांगण्याचीहि गरज नाहीं. परतण्यानें जंतु मरतात, आंबूसपणा थोडा झांकला जातो, रंग एकसारखा होतो. विष मात्र जसेंच्या तसें नव्या पन्नास पेढ्यांत वांटलें जातें. येथें उपाय एकच: दूध आटल्यापासून साखर पडेपर्यंतचा वेळ तोडावा. सकाळीं आटवलेल्या खव्याचे पेढे दुपारच्या आंत वळून व्हावे. खवा विकतचा असेल तर तो आल्याबरोबर आंचेवर चढावा, आणि लगेच चढवतां येणें शक्य नसेल तर थंड जागीं ठेवावा. हाताला फोड असलेल्यानें त्या दिवशीं तराजू सांभाळावा. परातीला हात लावूं नये. लहान दुकानाला एकदम मोठा घाणा काढण्यापेक्षां दोन वेळां लहान घाणे काढणें श्रमाचें वाटतें खरें, पण शिल्लक माल कमी राहतो आणि कालच्याला आजच्यांत लपवण्याचा मोह होत नाहीं.

बंगालनें या प्रश्नाचें उत्तर वेगळ्या वाटेनें शोधलें. कलकत्त्याच्या बागबाजारांत नवीनचंद्र दास यांनीं १८६८ सालीं लोकप्रिय केलेला रसगुल्ला पाण्यानें भरलेला आहे. त्याचें सारें सौंदर्य त्या पाण्यांतच आहे. त्याला परतून कोरडें करणें म्हणजे त्याला मारणें. त्यांच्या घराण्यानें १९३० च्या सुमारास रसगुल्ला डब्यांत बंद करून उष्णता देण्याची पद्धत आणली, तेव्हां कुठें तो परगांवीं जाऊं लागला. डबा उघडला कीं मात्र तो पुन्हा दोन दिवसांचा पाहुणा.

बर्फ आणि शीतकपाट यांचें पेढ्याशीं फारसें सख्य नाहीं, हें अनेकांना नवल वाटेल. खव्याला थंडीचा फार उपयोग आहे. चार-पांच अंशांवर तो दोन आठवडेहि राहूं शकतो. पण शीतकपाटांतून काढलेला पेढा दमट हवेंत उघडा ठेवला कीं त्यावर दंव धरतें, साखर विरघळते, आणि दोन दिवसांत तो न ठेवलेल्या पेढ्याहून अधिक लवकर बिघडतो. ठेवावयाचाच असेल तर हवाबंद डब्यांत ठेवावा, आणि डबा बाहेर काढल्यावर तो खोलीइतका ऊन होईपर्यंत झांकण उघडूं नये. घरोघरीं दिवाळीनंतर हीच चूक होत असते.

सुट्या मिठाईच्या ताटापुढें ती कधींपर्यंत खावी याची तारीख लिहावी, असा दंडक भारतीय अन्नसुरक्षा व मानकें प्राधिकरणानें १ ऑक्टोबर २०२० पासून घातला. प्राधिकरणाच्या मार्गदर्शिकेंत कलाकंद त्याच दिवशीं संपवावा, रसगुल्ला-रसमलाई दोन दिवसांत, खव्याच्या बऱ्याच बर्फ्या चार दिवसांत, असे ढोबळ वर्ग आहेत. आणि या क्रमाकडे पाहिलें तर तो मोकळ्या पाण्याच्या उतरत्या भांजणीचाच क्रम आहे, हें सहज लक्षांत येतें. ही तारीख पेढा वळल्यापासून मोजली जाते. खवा परातींत किती तास पडून होता, तें पाटीवर येत नाहीं. तें दुकानाच्या मागच्या खोलींतच पाहावें लागतें.